चारच फेऱ्या का?

दिवाळीत बोथला सगळे जमले की मेंढीकोट ठरलेला असतो. हैदराबाद, नागपूर, नांदेड, जो तो कुठूनकुठून आलेला. यंदा सोळा जोड्या झाल्या आणि जोड्या लावायची वही माझ्याकडे आली. पुतण्याने लगेच विचारलं, "काका, बाद पद्धतीनेच खेळू ना? लवकर उरकेल."

उरकेल हे खरं. पण बाद पद्धतीत पहिल्या फेरीनंतर आठ जोड्या घरी बसतात. नातीला घेऊन खेळणारी आजी एका सामन्यात संपते आणि उरलेली संध्याकाळ चहा करते. उलट साखळी घ्यावी, तर सोळा जोड्यांना पंधरा फेऱ्या, म्हणजे एकशेवीस सामने लागतात. तेवढ्यात सुट्टी संपते.

म्हणून आम्ही स्विस पद्धत घेतली. 1895 मध्ये झुरिचच्या बुद्धिबळ स्पर्धेत ती पहिल्यांदा वापरली, म्हणून हे नाव. आज ब्रिज आणि पत्त्यांच्या इतर स्पर्धांतही ती चालते. नियम दोनच आहेत. प्रत्येक फेरीत सारखे विजय असलेल्यांची गाठ घालायची आणि एकदा भेटलेल्या जोड्या पुन्हा भेटवायच्या नाहीत. कुणीच बाद होत नाही. हरलेली आजी पुढच्या फेरीत दुसऱ्या हरलेल्या जोडीशी खेळते, त्यामुळे सामना तिच्या तोडीचा होतो.

आता फेऱ्या किती? मेंढीकोटात हे मोजणं सोपं जातं, कारण डाव बरोबरीत सुटत नाही. मेंढ्या दोन-दोन झाल्या तर हात मोजायचे, आणि हात तेरा असल्याने एकाचे सात होतातच. आमचा सामना सात डावांचा होता, त्यामुळे तोही कुणीतरी जिंकणारच. म्हणजे अपराजित जोड्या दर फेरीला निम्म्या होतात. सोळाच्या आठ, मग चार, मग दोन, मग एक. चार फेऱ्यांत एकच जोडी अपराजित उरते. जोड्या सतरा ते बत्तीस असतील, तर पाच फेऱ्या. संख्या दुप्पट झाली तरी एकच फेरी वाढते.

जोड्या विषम असतील तर दर फेरीत तळाच्या एका जोडीला पुढे चाल द्यायची आणि ती विजयात धरायची. पण एकाच जोडीला ती दोनदा द्यायची नाही.

इथवर सगळ्यांना पटलं. गोंधळ झाला तो दुसऱ्या बक्षिसावर. सोळा जोड्यांच्या चार फेऱ्यांनंतर हिशेब असा येतो: चार विजय एका जोडीचे, तीन विजय चार जोड्यांचे, दोन विजय सहा जोड्यांचे, एक विजय चार जोड्यांचा, आणि एका जोडीचा शून्य. म्हणजे चार फेऱ्यांनी पहिला नंबर ठरतो, दुसरा ठरत नाही. तिथे चार जोड्या दावेदार असतात.

त्या चौघींत निवड करताना प्रत्येकीच्या प्रतिस्पर्ध्यांचे विजय मिळवून बघतात. कारण सरळ आहे. पहिल्याच फेरीत हरलेली जोडी पुढे हरलेल्यांशी खेळत वर येते. शेवटच्या फेरीत हरलेली जोडी मात्र चारही वेळा तोवर अपराजित असलेल्यांशी खेळलेली असते. विजय दोघींचे तीनच, पण दुसरीची वाट बहुधा अवघड असते.

"मग पाचवी फेरी खेळू!" पुतण्या म्हणाला. तीन विजयांची गर्दी तिने थोडी विरळ होईल, पण अपराजित जोडी तीन विजयवाल्या एखाद्या जोडीशी हरली, तर पहिल्या नंबरावरच बरोबरी होईल. जास्त फेऱ्या म्हणजे जास्त स्पष्ट निकाल, असं नसतं.

मोठ्या स्पर्धा यावर वेगळा तोडगा काढतात. 'मॅजिक: द गॅदरिंग' या पत्त्यांच्या खेळात स्विस फेऱ्यांनंतर वरचे आठ खेळाडू बाद फेरीत जातात. त्यांच्या तक्त्यात 129 ते 226 खेळाडूंना आठ फेऱ्या सुचवल्या आहेत. 226 हा आकडा विचित्र वाटतो, पण गणित करून बघा. आठ फेऱ्यांत 256 पैकी साधारण एक अपराजित राहतो आणि आठजण एकदाच हरतात, मिळून नऊ. 226 खेळाडूंत हेच प्रमाण आठाला जरा कमी भरतं. म्हणजे जास्तीत जास्त एकदा हरलेले सगळे वरच्या आठांत मावतात. त्यांच्याकडे फेऱ्या ठरतात त्या 'एक हार माफ' या हिशेबाने.

त्यामुळे फेऱ्या मोजण्याआधी ठरवायचं ते हे, की आपल्याला नेमकं काय निवडायचंय. फक्त विजेता हवा असेल तर निम्मे करत जा. दुसरं-तिसरं बक्षीस असेल तर बरोबरी कशी सोडवायची ते पहिल्या डावाआधी वहीत लिहून सगळ्यांना वाचून दाखवा. निकाल लागल्यावर सांगितलेला नियम कितीही योग्य असला, तरी हरलेल्या मामांना तो कधीच पटत नाही.