बाण एक, पाऊस तीन

गेल्या आठवड्यात अथणीहून माझ्या भाचीने मोबाईलवर भूगोलाच्या पुस्तकातल्या नकाशाचा फोटो पाठवला. भारत, समुद्रावरून येणारे जाड बाण आणि हवामानाचे रंगवलेले पट्टे. फोटो तिरका काढलेला, खालची सूची अर्धी कापली गेलेली. पाठोपाठ फोन आला. "मामा, बाण तुमच्या बेळगाववरून आमच्याकडेच येतोय. जिल्हा पण एकच. मग आमचा रंग वेगळा का?"

सूची नसली तरी महिना कोणता ते बाणच सांगतात. अरबी समुद्रावरून जमिनीकडे येत असतील तर तो जुलैच्या सुमाराचा नकाशा. जमिनीवरून समुद्राकडे जात असतील तर हिवाळ्याचा. हा पावसाळ्याचा होता. तिची पहिली अडचण नावाची होती. बाणाचे टोक ईशान्येकडे, मग वारे 'नैऋत्य' कसे? वाऱ्याला नाव मिळते ते तो जिथून येतो त्या दिशेचे. घरी मराठीत 'नैऋत्य मोसमी वारे' म्हणा की शाळेत कन्नडमध्ये 'नैऋत्य मारुत', नियम एकच. म्हणून बाणाचे टोक नव्हे, शेपूट पाहायचे.

ती शेपूट विषुववृत्ताच्या खाली वळलेली दिसते. तिथे वारे आग्नेयेकडून वायव्येकडे वाहत असतात. उन्हाळ्यात राजस्थान आणि पाकिस्तानच्या बाजूची जमीन तापून हवेचा दाब कमी होतो आणि वारे तिकडे ओढले जातात. विषुववृत्त ओलांडले की पृथ्वीच्या फिरण्यामुळे ते उजवीकडे वळतात आणि नैऋत्येकडून आपल्या किनाऱ्यावर येतात.

आता रंगाचा प्रश्न. तिला म्हटले, बाणावर बोट ठेव आणि सावंतवाडीहून निघ. समुद्रावरची ओली हवा सह्याद्रीला अडते आणि वर चढते. वर चढताना ती गार होते आणि तिच्यातल्या वाफेचे पाणी होते. त्यामुळे आंबोलीला वर्षाला सुमारे ७००० मिलिमीटर पाऊस पडतो. तो सारा साचला असता तर दोन मजली घर बुडाले असते. घाट ओलांडून हवा बेळगावला येते तेव्हा बराचसा ओलावा मागे राहिलेला असतो. इथे सुमारे १३०० मिलिमीटर, म्हणजे कमरेच्या वर पाणी. पुढे पूर्वेकडे जमीन उतरत जाते. खाली उतरणारी हवा तापते आणि ढग विरघळू लागतात. अथणीला उरतो साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, जेमतेम गुडघ्याइतका. हाच पर्जन्यछायेचा प्रदेश, कन्नडमध्ये मळे नेरळिन प्रदेश. वारा तोच, वाटेवरचा डोंगरही तोच. तू डोंगराच्या कोणत्या बाजूला राहतेस यावर रंग ठरतो.

"पण मामा, जुलैत आमच्याकडे वारा किती सुटतो! आभाळ पण भरलेलं असतं."

तिचे निरीक्षण बरोबर होते. नकाशातला बाण वारा दाखवतो, पाऊस नव्हे. अथणीत जुलैचा वारा जोराचा, पण पाऊस भुरभुरता. तिथला चांगला पाऊस बहुधा सप्टेंबरमध्ये पडतो. तोवर नैऋत्येचा जोर ओसरलेला असतो, दुपारी जमीन तापते, बंगालच्या उपसागराकडून ओलावा येतो आणि संध्याकाळी गडगडाटासह सरी कोसळतात. बाण मोठे असताना कोरडे आणि बाण दुबळे झाल्यावर ओले, असा हा उलटा हिशेब उन्हाळी बाणांच्या एका नकाशात दिसत नाही. त्यासाठी महिन्यावार पावसाचा तक्ता शेजारी ठेवावा लागतो.

पट्ट्यांच्या कडांबद्दलही तिला सांगितले. छापील रेघ धारदार असते, जमिनीवर तशी रेघ नाही. खानापूरच्या जंगलातून निघून बेळगावचे भात आणि गोकाकच्या पुढची काळी माती पाहत गेले तर रंग हळूहळू बदलतो. शिवाय पट्टे अनेक वर्षांच्या सरासरीवर काढलेले असतात. एखाद्या वर्षी अथणीला भरपूर पाऊस झाला म्हणून तिथला रंग बदलत नाही, आणि बेळगावला ओढ लागली म्हणून इथलाही नाही.

या साऱ्याचा अर्थ तिच्या आजोबांना पुस्तकाशिवाय ठाऊक आहे. त्यांच्या बोलण्यात दोनच शब्द येतात, मुंगारू आणि हिंगारू. पुढचा पाऊस आणि मागचा पाऊस. मुंगारूवर ते थोडे मूग-उडीद करतात, पण घरची ज्वारी हिंगारूची. सप्टेंबरच्या सरींनी काळी माती भिजली की पेरायची. मग वर पाऊस नसला तरी मातीतल्या ओलीवर कणीस भरते. सप्टेंबर कोरडा गेला तर जुलैचा वारा कितीही सुटलेला असो, त्या वर्षी भाकरीची ज्वारी विकत आणावी लागते.