पत्रकातल्या रात्री आणि पलंगावरच्या रात्री

दिवाळी सरली की वर्सोव्यातील अनेक घरांत हिवाळी सहलींची रंगीत पत्रके येऊन पडतात. त्यांत कच्छच्या रणाची सहल विशेष लोकप्रिय आहे. पांढरे रण पाहण्याजोगे आहे, यात शंका नाही. मात्र घरातील ज्येष्ठांसाठी अशी सहल निवडताना पत्रकाची छायाचित्रे बाजूला ठेवून दिवसक्रम, समाविष्ट सेवा आणि आरक्षणाची मुदत हे तीन भाग नीट वाचावेत.

एक उदाहरण घेऊ. सत्तरी ओलांडलेले एक दांपत्य आहे. आजोबांना मधुमेह आहे, आजींना रक्तदाब आणि गुडघेदुखी. पत्रकावर ‘5 रात्री, 6 दिवस’ असे छापलेले आहे. पहिल्या दिवशी संध्याकाळी बोरिवलीहून कच्छ एक्स्प्रेस, दुसऱ्या दिवशी भुज, तिसऱ्या दिवशी काळा डुंगर व धोरडोचे रण, चौथ्या दिवशी धोलावीरा पाहून भुजला मुक्काम, पाचव्या दिवशी मांडवी आणि रात्री परतीची गाडी. आता रात्री मोजा. दोन गाडीतल्या, एक रणाकाठच्या तंबूतली. हॉटेलातील पलंगावरच्या रात्री उरतात दोनच.

चौथा दिवस सर्वांत जड आहे. धोरडोहून धोलावीरा आणि तेथून भुज हा प्रवास दोनशे किलोमीटरहून अधिक होतो. धोलावीऱ्याचे अवशेष 2021पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. परंतु तेथे उन्हात, उंचसखल दगडांवरून चालावे लागते. इतका वेळ बसून राहिल्याने पाय सुजतात, गुडघे आखडतात, आणि उतरताच चढण समोर येते. म्हणून दर दोन तासांनी गाडी थांबेल का, हे आयोजकांना विचारावे. नाहीतर तो दिवस भुजमध्येच विश्रांतीसाठी ठेवता येईल का, हे पाहावे. लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांनी प्रवासाच्या दिवशी ती स्वतःच्या मनाने टाळू नये. वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना निघण्यापूर्वीच विचारावे.

वर्सोव्याच्या किनाऱ्यावर जानेवारीतही स्वेटर क्वचितच लागतो. रणात मात्र रात्रीचे तापमान अनेकदा दहा अंशांच्या खाली जाते. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब वाढतो. सूर्यास्त पाहून तंबूत परतेपर्यंत आजींच्या कानांवर टोपी व पायांत मोजे हवेतच. तंबूला जोडून कमोड आहे की रात्री अंधारातून चालत जावे लागते, हे पैसे भरण्यापूर्वी विचारण्यात संकोच करू नये.

‘समाविष्ट’ या मथळ्याखाली ‘नाश्ता व रात्रीचे जेवण’ असे लिहिलेले असेल, तर दुपारचे जेवण आपल्यावर सोडलेले असते. ते वाटेतल्या थांब्यावर अवलंबून राहते आणि सहज अडीच-तीन वाजतात. आजोबा सकाळी ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेत असतील, तर जेवण लांबल्याने रक्तातील साखर उतरू शकते. घाम सुटणे, हात थरथरणे, बोलण्यात गोंधळ होणे ही त्याची लक्षणे. माणूस शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर ताबडतोब तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून द्यावी व त्यानंतर खाऊ घालावे. साखरेची पुडी, बिस्किटे आणि औषधे हातातल्या पिशवीत असावीत, सामानाच्या डिकीत नव्हेत. मोठे रुग्णालय भुजला आहे आणि धोरडो तेथून सुमारे ऐंशी किलोमीटरवर आहे, हेही लक्षात असू द्यावे.

राहिली आरक्षणाची मुदत. 1 नोव्हेंबर 2024पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण प्रवासाचा दिवस वगळून 60 दिवस आधी सुरू होते. 15 जानेवारीला निघायचे असेल, तर 16 नोव्हेंबरला खिडकी उघडते. साठीवरील पुरुष व पंचेचाळिशीवरील स्त्रिया यांच्यासाठी खालच्या बर्थचा कोटा आहे; परंतु तो एका तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असताना लागू होतो. आयोजकांनी साऱ्या गटाचे एकत्र तिकीट काढले, तर या कोट्याचा लाभ मिळत नाही आणि आजींच्या वाट्याला वरचा बर्थ येण्याची शक्यता राहते. म्हणून ‘आम्हा दोघांचे तिकीट स्वतंत्र, ज्येष्ठ नागरिक कोट्यातून काढा’ असे लेखी सांगावे. कोट्यातही जागा असेल तरच खालचा बर्थ मिळतो. त्यामुळे पहिल्याच दिवशी आरक्षण करणे हिताचे. आजारपणामुळे सहल रद्द करावी लागल्यास किती रक्कम परत मिळेल, हेही त्याच वेळी लेखी घ्यावे.

हे दोन महिने तब्येतीच्या तयारीसाठीही पुरेसे आहेत. तिकीट काढले की त्याच आठवड्यात आपल्या डॉक्टरांकडे जावे आणि दिवसक्रमाचा कागद सोबत न्यावा. साखर व रक्तदाब तपासून औषधांत बदल करावा लागला, तर तो अंगवळणी पडायला वेळ मिळतो. फ्लूची लस घ्यायची असल्यास तिचा परिणाम दिसायला सुमारे दोन आठवडे लागतात. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी दवाखान्यात आलेल्या माणसासाठी यांपैकी फारसे काहीच करता येत नाही.