सहकारिणीची बढती आणि अभिनंदनाची पाच वाक्ये

दुःखात असलेल्या माणसाशी कसे बोलावे, हे आपण लहानपणापासून पाहत आलेलो असतो. आजाऱ्याच्या उशाशी काय बोलावे आणि काय टाळावे, हे घरातील वडीलधारी मंडळी न सांगता शिकवतात. सोबतीच्या माणसाला चांगले दिवस आले की मात्र आपली जीभ अडखळते. विशेषतः जे पद आपल्यालाही मिळू शकले असते ते त्याला मिळाले असेल, तर ‘अभिनंदन’ हा पाच अक्षरी शब्ददेखील जड होतो. घरात दीर्घकाळ रुग्णसेवा करणाऱ्यांना हा अनुभव हमखास येतो, कारण सेवेसाठी ते आपली वाट अर्ध्यावर थांबवतात आणि बरोबरीची माणसे पुढे जात राहतात.

मी शासकीय रुग्णालयात अधिपरिचारिका होते. नोकरीला एकोणीस वर्षे झाली त्या वर्षी परिसेविका पदाच्या पदोन्नतीसाठी ज्येष्ठता यादी निघाली. तीत माझे नाव होते आणि माझ्याच तुकडीत रुजू झालेल्या मैत्रिणीचेही होते. पदोन्नतीवर दुसऱ्या जिल्ह्यात जावे लागणार होते. माझ्या यजमानांना त्याआधी सात महिने पक्षाघात झाला होता. उजवी बाजू निकामी झाली होती आणि वाचाही अडखळत होती. मी पदोन्नती नको असल्याचे लिहून दिले. तो निर्णय पूर्ण विचाराने घेतलेला होता आणि आजही मला तो योग्य वाटतो. तरीसुद्धा मैत्रिणीचा आदेश निघाल्याची बातमी कानावर आली, तेव्हा छातीत काहीतरी टोचले.

त्या टोचणीला नाव देणे हे पहिले काम. आपल्या भाषेने त्यासाठी दोन निरनिराळे शब्द जपून ठेवले आहेत. ‘तिला मिळाले ते मलाही मिळते तर’ असे वाटणे हा हेवा. ‘तिला ते मिळायलाच नको होते’ असे वाटणे हा मत्सर. मी मनाशी विचारले, तिचा आदेश रद्द झाला तर मला बरे वाटेल का? उत्तर तत्काळ ‘नाही’ असे आले. म्हणजे जे होते तो हेवा होता, आणि हेव्यासोबत आनंद सुखाने नांदू शकतो. आपल्या मनात कणभरही सल नसला तरच अभिनंदन खरे, अशी एक समजूत आहे. ती सोडून दिली की निम्मे अवघडलेपण जाते. सल कोणाजवळ तरी बोलून टाकावा, परंतु ज्याचे अभिनंदन करायचे त्याच्याजवळ मात्र नव्हे. मी तो धाकट्या बहिणीला दूरध्वनीवर सांगितला. तिने उपदेश न करता ऐकून घेतले, तेवढे पुरेसे झाले.

मग मी पत्र लिहायला बसले. पहिले वाक्य आपोआप उतरले : ‘आपल्या पदोन्नतीबद्दल हार्दिक अभिनंदन. भावी वाटचालीस शुभेच्छा.’ यात चूक काहीच नव्हती. पण तिचे नाव खोडून तिथे दुसऱ्या कोणाचेही लिहिले असते, तरी मजकूर तसाच शोभला असता. साचेबंद अभिनंदन ओळखण्याची ही सर्वांत सोपी कसोटी आहे.

दुसऱ्या कागदावर मन मोकळे केले : ‘तू निघालीस, मी मात्र इथेच. माझ्या नशिबी ते नव्हते, पण तुझ्या आनंदात माझा आनंद आहे.’ हा मजकूर प्रामाणिक होता, परंतु तो वाचून तिला काय करावे लागले असते? आपला आनंद बाजूला ठेवून माझे सांत्वन! अभिनंदन स्वीकारणाऱ्यावर समजूत घालण्याचे ओझे पडत असेल, तर ते अभिनंदन उरत नाही. त्यातला ‘पण’ हा शब्दही बोलका आहे. ‘पण’च्या आधी जे लिहिलेले असते, तेच वाचणाऱ्याच्या मनात राहते.

एव्हाना कक्षात अभिनंदनाचा वर्षाव सुरू होता. कोणी म्हणाले, ‘नशीबवान आहेस बाई!’ त्या एका शब्दाने एकोणीस वर्षांच्या रात्रपाळ्या पुसल्या गेल्या. कोणी म्हणाले, ‘आता आम्हाला कशाला ओळखशील?’ हे थट्टेत असले, तरी ऐकणारीला लगेच आपल्या साधेपणाची ग्वाही द्यावी लागते. कोणी काळजीच्या सुरात म्हणाले, ‘परक्या गावी एकटी कशी राहशील? जबाबदारी फार असते हो.’ मानसशास्त्रज्ञ शेली गेबल आणि त्यांचे सहकारी यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आपली सुवार्ता ऐकून जवळची माणसे कशी प्रतिसाद देतात याचे चार प्रकार मांडले आहेत. काहीजण उत्साहाने त्या आनंदात शिरतात, प्रश्न विचारतात. काहीजण ‘छान झाले’ म्हणून थांबतात. काहीजण त्या बातमीतील अडचणी दाखवतात. काहीजण विषयच बदलतात. पहिल्या प्रकारचा प्रतिसाद जिथे मिळतो, तिथे नातेही अधिक समाधानाचे असल्याचे त्यांना आढळले. काळजीची वाक्ये तिसऱ्या प्रकारात मोडतात, हे आपण वडीलधाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावे. त्या काळज्या खऱ्या असतात, फक्त त्यांचा दिवस तो नसतो. आठवड्याने विचारले तर त्याच प्रश्नाला मदतीचे रूप येते.

तिसऱ्या कागदापूर्वी मी स्वतःला एकच प्रश्न विचारला : हिच्या कामातील असे काय आहे, जे मी प्रत्यक्ष पाहिले आहे आणि जे आदेशाच्या कागदावर लिहिलेले नाही? उत्तर घरातच होते.

आमच्या स्त्री वैद्यक कक्षात अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या खाटेला ती एक कागद अडकवत असे. त्यावर दर दोन तासांची वेळ आणि त्या वेळी रुग्णाला कोणत्या कुशीवर ठेवायचे हे लिहिलेले असे : डावी कूस, उताणे, उजवी कूस. सोबतच्या नातेवाइकांना ती माकडहाड, खुबे आणि टाचा रोज उजेडात पाहायला शिकवी. त्वचेवरची लाली बोटाने दाबल्यावर फिकी पडत नसेल, तर तिथे जखम होण्याची ती सुरुवात असू शकते, म्हणून त्या जागेवरचा भार लगेच काढायचा आणि परिचारिकेला किंवा डॉक्टरांना दाखवायचे, हे ती निरक्षर आजीलाही समजेल अशा शब्दांत सांगे. यजमान अंथरुणावर होते तेव्हा आमच्या घरातल्या पलंगालाही तसाच कागद होता.

मग पत्र पाच वाक्यांत झाले :

‘प्रिय मैत्रिणी, तुझा आदेश निघाल्याचे कळले आणि मला तुझा तो खाटेला अडकवलेला कागद आठवला. तो आज आमच्या पलंगालाही आहे, आणि सात महिन्यांत यांच्या पाठीवर एकही जखम झालेली नाही. जे तू एका कक्षात शिकवलेस, ते आता नव्या रुग्णालयातल्या सगळ्या मुली तुझ्याकडून शिकतील, याचा मला फार आनंद आहे. तुला कोणता कक्ष मिळाला आणि रुजू कधी होणार, हे सविस्तर ऐकायचे आहे. रविवारी दुपारी चार वाजता मी मोकळी असते, तेव्हा दूरध्वनी करीन.’

यात ‘तू या पदास पात्रच होतीस’ असे मी लिहिले नाही. ते वाक्य चांगले असले, तरी त्यात निकाल देणाऱ्याचा सूर येतो. तिने काय केले हे सांगितले की पात्रता आपोआप सिद्ध होते. माझ्या घरची परिस्थिती पत्रात आली, परंतु गाऱ्हाणे म्हणून नाही. तिच्या कामाचा पुरावा म्हणून आली. शेवटी एक प्रश्न आणि बोलण्याची नेमकी वेळ होती, त्यामुळे पुढचे बोलणे तिच्या हाती राहिले. पत्र दुसऱ्याच दिवशी दिले, कारण उशिरा आलेल्या अभिनंदनात शब्द कितीही गोड असले तरी विलंबच आधी वाचला जातो.

पत्र लिहीत असताना यजमान खाटेवरून पाहत होते. बराच वेळ शब्द जुळवून ते म्हणाले, “माझ्यामुळे... तुझी राहिली.” सेवा घेणाऱ्याच्या मनातही अशी बोच असते आणि बरोबरीच्या माणसाच्या बढतीने ती जागी होते. तिला ‘छे, मला नकोच होती’ असे खोटे उत्तर देऊ नये. त्यांना ते पटत नाही आणि ते अधिकच गप्प होतात. मी म्हणाले, “हवी होती. पण तुम्ही त्याहून जास्त हवे होता. या, आपण दोघे मिळून तिचे अभिनंदन करू.” त्यांनी डाव्या हाताने माझ्या सहीखाली आपले नाव लिहिले. अक्षरे तिरपी आली. त्या पत्रातला सर्वांत मोलाचा मजकूर तोच होता, असे तिने नंतर मला सांगितले.

रविवारी आम्ही पाऊण तास बोललो. कर्मचाऱ्यांची कामाची यादी, औषधांची मागणीपत्रके, साठ्याच्या नोंदवह्या यांविषयी ती भरभरून बोलली. मी फक्त विचारत राहिले. अखेरीस तीच हळूच म्हणाली, “आता रुग्णाच्या खाटेजवळ उभे राहायला कमी मिळेल गं.” बढतीतही काही सुटते, ही गोष्ट तिला मनमोकळेपणाने सांगता आली, कारण तोवर कोणी तिच्या आनंदाला हात लावला नव्हता. पुढची सहा वर्षे, मी निवृत्त होईपर्यंत, दर रविवारी चारचा तो दूरध्वनी चालू राहिला. यजमानांच्या आजारपणात मला मिळालेला तो मोठा आधार होता.

एक मर्यादा मात्र सांगायला हवी. कधी कधी हेवा एका बातमीपुरता राहत नाही. शेजारणीची सहल, भाचीचे लग्न, कोणाचीही सुवार्ता कडू लागते, त्या व्यक्तीचा दूरध्वनी घेववत नाही, रात्री झोप येत नाही. असे दोन-तीन आठवडे चालले, तर दोष स्वभावाचा मानू नये. बहुधा ती सततच्या सेवेने आलेली थकावट असते. तिथे अभिनंदनाचे शब्द सुधारून उपयोग नसतो. आठवड्यातून एक दुपार घरातील दुसऱ्या कोणी रुग्णाजवळ बसावे, सेवा करणाऱ्याने त्या वेळेत झोपावे किंवा बाहेर पडावे, आणि तरीही उदासी हटत नसेल तर डॉक्टरांशी बोलावे. तोपर्यंत मैत्रिणीला दोन ओळीच पाठवाव्यात : ‘बातमी ऐकली, आनंद झाला. सध्या थकले आहे, पुढच्या महिन्यात निवांत बोलू.’ त्या दोन ओळींत खोटे काही नाही आणि मैत्रीचे दारही उघडे राहते.