सही म्हणजे उलटं कुलूप

तुम्ही बदलापूर-अंबरनाथकडचा डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन काढला असेल. त्यावर शाईची सही नसते. मग तो खरा कसा?

दाबलं की लागणारं कुलूप घ्या. ते लावेल कुणीही, उघडेल फक्त किल्लीवाला. गुप्त निरोप असाच जातो. सहीत क्रम उलटा. मजकुरावरून संगणक एक छोटा आकडा काढतो. अधिकाऱ्याची खाजगी किल्ली त्या आकड्यावर फिरते, ती झाली सही. आता जाहीर कुलूप लावून कुणीही तो आकडा परत मिळवतो आणि मजकुराच्या आकड्याशी ताडतो. एक गुंठा जरी बदलला, तरी आकडे जुळत नाहीत.

प्रिंटवर मात्र हे चालत नाही. तिथे छापलेला पडताळणी क्रमांक संकेतस्थळावर टाकून पाहा.