तारखेला आवाज द्यायचा असतो

सर्जापूर रोडवरच्या बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पाच्या व्हिडिओची संहिता लिहायला घेतली, की मी आधी कर्नाटक रेराच्या संकेतस्थळावरचं त्या प्रकल्पाचं पान उघडतो. विक्री विभाग सांगतो, ‘डिसेंबर 2027 ला चाव्या.’ पानावर मात्र पूर्ततेची तारीख असते, समजा, 30 जून 2028. पहिली तारीख ही इच्छा, दुसरी नोंद. निवेदनात मी दुसरीच घेतो: ‘रेरात नोंदवलेली पूर्ततेची तारीख 30 जून 2028. ताबा ओसी मिळाल्यावर.’ हे वाक्य शेवटच्या बारीक अक्षरांत ढकललं, की प्रेक्षकाच्या कानावर ते पडतच नाही. म्हणून ते आवाजात हवं.

या सहा महिन्यांची किंमत घर घेणाऱ्याला मोजावी लागते. तो बेलंदूरला किंवा कसवनहळ्ळीला भाडं भरत असतो आणि नव्या घराचा प्री-ईएमआयही सुरू झालेला असतो.

म्हणूनच हप्त्यांचे टप्पे तारखेच्या लगेच मागे येतात. समजा, घर एक कोटीचं आहे. नोंदणीकृत करार होण्याआधी दहा टक्क्यांहून जास्त, म्हणजे दहा लाखांवर, रक्कम कायद्याने घेता येत नाही. पुढे कराराला दहा टक्के, पायाला दहा, आठ स्लॅब-टप्प्यांना प्रत्येकी सात, विटकाम-प्लास्टरला नऊ आणि ताब्याला पाच. बेरीज करून पाहा: शेवटचा स्लॅब पडतो तेव्हा शहाऐंशी लाख गेलेले असतात आणि समोर नुसता सांगाडा असतो. ‘सोपे हप्ते’ म्हटलं की नेमकं हेच झाकलं जातं. मी लिहितो, ‘बहुतेक रक्कम स्लॅब पूर्ण होईपर्यंत द्यावी लागेल. जीएसटी वेगळा.’

सुविधांमध्ये फसगत आणखी सफाईने होते. मोठा प्रकल्प टप्प्याटप्प्याने उभा राहतो आणि रेरात प्रत्येक टप्प्याची नोंदणी वेगळी असते. थ्रीडी चित्रातला तरणतलाव पहिल्या टॉवरला खेटून दिसतो, पण कागदावर तो दुसऱ्या टप्प्यात असू शकतो; म्हणजे त्याची तारीखही वेगळी. म्हणून मी प्रत्येक सुविधेपुढे तिचा टप्पा लिहून घेतो. पहिल्या टप्प्यात नसेल, तर त्या दृश्यावर ‘दुसरा टप्पा’ ही पाटी येते आणि निवेदकही तेच म्हणतो. सर्जापूर-हेब्बाळ मेट्रो बिल्डरच्या हातात नाही, म्हणून ती सुविधांच्या यादीत बसत नाही.

‘एवढं सांगितलं तर कोण घेईल?’ असं विक्रीवाले विचारतात. मी रेरा कायद्याचं कलम 12 पुढे ठेवतो. जाहिरातीतल्या खोट्या विधानावर विसंबून पैसे भरलेल्याला भरपाई मागता येते आणि व्यवहारातून बाहेर पडायचं असेल, तर व्याजासह पैसेही परत मागता येतात. त्या दिवशी माझी संहिता हाच पुरावा असेल, म्हणून मंजूर प्रतीच्या प्रत्येक पानावर मी त्यांची सही घेतो.