तक्त्यातील तिसरा रकाना

इंग्रजीच्या स्वाध्यायपुस्तिका तपासताना मला एक गोष्ट वारंवार आढळली आहे. अनियमित क्रियापदांचा तक्ता अचूक लिहिणारा विद्यार्थीही वाक्यात ‘आय हॅव ड्रँक टी’ असे लिहून जातो. हे पाठांतर कमी पडल्यामुळे होत नाही. त्याचे मूळ आपल्या मातृभाषेत आहे.

मराठीत ‘तिने गाणे गायले’ आणि ‘तिने गाणे गायले आहे’ या दोन्ही वाक्यांत ‘गायले’ हे रूप तेच राहते. इंग्रजीत मात्र पहिल्या वाक्याला ‘सँग’ लागते आणि दुसऱ्याला ‘हॅज संग’. आपण नकळत दुसऱ्या रकान्यातील रूप तिसऱ्याच्या जागी ठेवतो.

म्हणून तक्ता वर्णानुक्रमे न लिहिता स्वरांनुसार लिहावा, असे मी सुचवीन.

| मूळ रूप | भूतकाळ | भूतकालवाचक धातुसाधित |
|---|---|---|
| सिंग | सँग | संग |
| रिंग | रँग | रंग |
| ड्रिंक | ड्रँक | ड्रंक |
| स्विम | स्वॅम | स्वम |
| बिगिन | बिगॅन | बिगन |

प्रत्येक ओळ मोठ्याने वाचा. स्वर ‘इ, ॲ, अ’ या क्रमाने बदलतो आणि त्यानंतर नेहमी अनुनासिक ध्वनी येतो. तिसऱ्या रकान्यातील ‘रंग’ तर आपल्या रंगासारखाच ऐकू येतो. तो कानात ठेवला की पुरे.

याच्या खाली दुसरा गट लिहा: स्विंग, स्वंग, स्वंग, स्टिंग, स्टंग, स्टंग, विन, वन, वन. येथे ‘ॲ’ गळतो आणि दोन्ही रकाने सारखे होतात. प्राचीन इंग्रजीत अशा क्रियापदांना भूतकाळाची दोन रूपे होती, एक एकवचनी आणि एक अनेकवचनी, आणि दोहोंतील स्वर भिन्न असत. पुढे एकच रूप उरले. ‘सिंग’ने एकवचनी रूपाचा स्वर राखला, ‘स्विंग’च्या भूतकाळात मात्र अनेकवचनी रूपाचा व धातुसाधिताचा स्वर स्थिरावला.

हा साचा सर्वत्र लावू नये. ‘ब्रिंग’ आणि ‘थिंक’ दिसायला याच कुळातील. परंतु त्यांची रूपे ‘ब्रॉट’ व ‘थॉट’ अशी होतात, तीही दोन्ही रकान्यांत. ‘ब्लिंक’ तर नियमित आहे. या तिघांसाठी तक्त्याखाली वेगळी ओळ ठेवावी.

आता पडताळा. ‘द बेल ___ ॲट टेन’ या वाक्यात सहायक क्रियापद नाही. म्हणून दुसरा रकाना, ‘रँग’. ‘द बेल हॅज ___’ येथे ‘हॅज’ आहे. म्हणून तिसरा, ‘रंग’. ‘डिड द बेल ___?’ येथे भूतकाळ ‘डिड’नेच दाखवला आहे, म्हणून पहिला, ‘रिंग’. रिकाम्या जागेआधी कोणते सहायक क्रियापद आले आहे हे प्रथम शोधावे. रकाना त्यावरून ठरतो.