वीस सेकंदांत 'बा'

भाच्याने उर्दू अक्षरे जोडायचा छोटा मोबाइल गेम केला आणि म्हणाला, "मामू, ट्रेलर तुम्हीच कापा." फोनवर सहा मिनिटांचे स्क्रीन रेकॉर्डिंग होते. एडिटरमध्ये सुरुवातीला अक्षर बसताच 'टक्' ऐकू येई. पाचव्या मिनिटाला मात्र 'टक्' आधी आणि अक्षर नंतर. फोन दर सेकंदाला सारख्या फ्रेम्स साठवत नाही. पडदा स्थिर असला की कमी, हालला की जास्त. काही एडिटर सगळीकडे एकच वेग धरतात, म्हणून आवाज सरकत जातो. कापण्याआधी फाइल सेकंदाला ३० फ्रेम्सवर आणली:

```
ffmpeg -i in.mp4 -vf fps=30 -c:a copy out.mp4
```

मग शेवटच्या मिनिटातले एक अक्षर तपासले. फरक साचतो तो तिथेच. ते जुळले होते.

ॲपलच्या स्टोअरवर असा व्हिडिओ १५ ते ३० सेकंदांचाच चालतो. आम्ही २० ठरवले. लोगो शेवटी नेला. पहिल्याच दृश्यात बोट 'अलिफ' ओढून 'बे'ला जोडते आणि 'बा' तयार होतो. प्रत्येक काप अक्षर बसल्यानंतर, क्षणभर थांबून. घाईने कापले तर उर्दू न येणाऱ्याला नुसती बोटाची धावपळ दिसते. थांबले, तर शब्द उजवीकडून डावीकडे वाढतो हे त्यालाही न सांगता कळते.